अप्रेंटिस, ट्रेनी की कर्मचारी? सही करण्याआधी विद्यावेतन, कालावधी आणि नोकरीचं आश्वासन कसं तपासायचं

आयटीआय, पदविका किंवा पदवी झालेल्या मुलांच्या हातात पहिलं पत्र पडतं तेव्हा घरात एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती देणार?’ पत्र कोणत्या कायद्याखालचं आहे, कधी संपतं आणि संपल्यावर कंपनीनं काय कबूल केलं आहे, हे पाहायचं राहून जातं. वर्षभरानंतर मुलगा म्हणतो, ‘मला कायम करणार होते.’ कंपनी म्हणते, ‘तू शिकाऊ उमेदवार होतास.’ बहुतेक वेळा कागद कंपनीच्या बाजूने असतो, कारण तो आधी कोणी वाचलेलाच नसतो.

या लेखात तो कागद वाचण्याचा क्रम दिला आहे. क्रम बदलू नका. आधी गट ठरतो, मग पैसे, मग कालावधी आणि शेवटी नोकरीचं आश्वासन. गट न ठरवता विद्यावेतनाच्या आकड्यावर वाद घातला तर नियम दुसऱ्याचा आणि तक्रार आपली, अशी गत होते.

## तयारी: सही करण्याआधी काय हातात हवं

पूर्ण करारपत्र किंवा ऑफर लेटर मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पहिल्या पानाचा फोटो पुरत नाही. अटी बहुधा मागच्या पानांवर किंवा ‘परिशिष्ट’ म्हणून जोडलेल्या असतात आणि बाँड, मुदतवाढ, कामावरून कमी करण्याची अट तिथेच सापडते.

ज्या जाहिरातीवरून अर्ज केला तिची प्रत जपून ठेवा. सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी नोकरीचं आश्वासन असलंच, तर ते जाहिरातीत असतं. जाहिरात काही महिन्यांनी संकेतस्थळावरून निघून जाते.

बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन पक्कं करा. शिकाऊ उमेदवारीत सरकारचा वाटा थेट खात्यात येतो आणि खातं जोडलेलं नसेल तर तो अडकतो. आधार, मार्कशीट आणि आयटीआय प्रमाणपत्र यांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं.

## टप्पा १: आपण कोणत्या गटात आहोत ते ओळखा

पत्रावर ‘ट्रेनी’ लिहिलं आहे की ‘अप्रेंटिस’, यावर विसंबू नका. कंपन्या हे शब्द मोकळेपणाने वापरतात. खूण दुसरीकडे आहे.

नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार. हा ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ खाली असतो. करार लेखी असतो आणि सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. आयटीआय आणि बऱ्याच इतर ट्रेडसाठी `apprenticeshipindia.gov.in`, तर पदविका आणि पदवीधरांच्या योजनेसाठी `nats.education.gov.in`. याच कायद्याचं कलम १८ स्पष्ट सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, कपातीच्या वेळची भरपाई यांतलं काही त्याला मागता येत नाही. कारखान्यातली सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याणाच्या तरतुदी मात्र त्यालाही आहेत. प्रशिक्षणाच्या कामात इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर आहे.

कंपनीचा ट्रेनी. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’, ‘डिप्लोमा ट्रेनी’, ‘ट्रेनी ऑपरेटर’ ही कंपनीनं ठेवलेली नावं. पोर्टलवर नोंद नसेल तर १९६१ चा कायदा इथे लागत नाही. मग तो माणूस प्रत्यक्ष काय काम करतो, यावर त्याचे हक्क ठरतात.

परिवीक्षाधीन किंवा कायम कर्मचारी. परिवीक्षेवरचा माणूस पहिल्या दिवसापासून कर्मचारी असतो. त्याला पगार मिळतो, पीएफ कापला जातो, पद ठरलेलं असतं. कामगिरी पटली नाही तर अटीनुसार त्याला काढता येतं, एवढाच फरक. ‘सहा महिने प्रोबेशन’ आणि ‘सहा महिने ट्रेनिंग’ यांना एकच समजणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

सरकारी योजनेतला प्रशिक्षणार्थी. महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण म्हणजे २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० असं विद्यावेतन त्यात सरकारने ठरवलं. मुदत मुळात सहा महिन्यांची, पुढे पाच महिन्यांनी वाढवलेली. अनेकांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, कार्यालयात मनापासून काम केलं आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची मागणी केली. त्यांची तळमळ खरी आहे, पण योजनेच्या मूळ कागदात नोकरीचं वचन नव्हतं.

कंपनीच्या ट्रेनीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमध्ये कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळला आहे तो १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार. ‘ट्रेनी’ असं नुसतं नाव दिलेला माणूस आपोआप वगळला जात नाही. त्यामुळे नोंदणी नाही, शिकवणारं कोणी नाही, रोज लाइनवर उभं राहून उत्पादनाचा आकडा पूर्ण करायचा, आणि वर ‘तू ट्रेनी आहेस, तुला पीएफ नाही’ असं कोणी सांगत असेल, तर तिथे प्रश्न विचारायला पक्का आधार आहे.

> तपासा: एचआरला सरळ विचारा, ‘हा करार पोर्टलवर नोंदणार का? नोंदणी क्रमांक कधी मिळेल?’ कायद्यानुसार कराराचा तपशील मालकानं सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. स्वतःच्या लॉगिनमध्ये करार दिसला, तरच तुम्ही पहिल्या गटात.

## टप्पा २: विद्यावेतनाचा आकडा फोडून पाहा

नोंदणीकृत शिकाऊ उमेदवाराला किती द्यायचं याची खालची मर्यादा नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पासला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी या किमान रकमेत १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के वाढ द्यावी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. म्हणून कराराच्या तारखेला पोर्टलवर कोणती किमान रक्कम दिसते ती पाहून घ्या आणि मित्राच्या गेल्या वर्षीच्या करारावर जाऊ नका.

ही किमान रक्कम आहे. कंपनी जास्त देऊ शकते आणि पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात अनेक कंपन्या देतातही. पण हे किमान वेतन नव्हे. किमान वेतनाचा दर दाखवून शिकाऊ उमेदवाराला फरक मागता येत नाही, कारण तो कायदाच त्याला लागू नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या महिन्यात होतो. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करतं. समजा करारात ९,५०० रुपये लिहिले आहेत. कंपनी या योजनेत असेल तर तिच्याकडून ८,००० येतील आणि १,५०० सरकारकडून वेगळे येतील. खात्यात ८,००० दिसले की मुलं ‘कंपनीनं दीड हजार खाल्ले’ म्हणून भांडायला जातात. आधी करारात दोन वाटे कसे लिहिले आहेत ते वाचा. कंपनीनं आपला वाटा देऊन पोर्टलवर नोंद केल्याशिवाय सरकारचा वाटा सुटत नाही, त्यामुळे तो मागाहून येतो. दोन-तीन महिने तो आलाच नाही, तर मात्र खातं आधारशी जोडलं आहे का आणि कंपनीनं नोंद केली का, या दोन्ही गोष्टी याच क्रमाने विचारा.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवं. नगावर, म्हणजे ‘जितके पीस तितके पैसे’ या हिशेबाने, शिकाऊ उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. उत्पादन बोनसच्या योजनेतही त्याला ओढता येत नाही. त्याचा महिना शिकण्याचा आहे, उत्पादनाचा नाही, हे कायद्यानंच ठरवलं आहे.

> सावध: शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. ‘ओटी केलास तर महिना बारा हजार पडतील’ असं सांगून विद्यावेतनाचा आकडा फुगवला असेल, तर मूळ करारातली रक्कम किती, तेवढंच धरा.

कंपनीच्या ट्रेनीचं गणित वेगळं आहे. एकाच मुलाच्या हातात दोन पत्रं आली असं धरून पाहू. मुलगा आयटीआय फिटर.

पहिलं पत्र: नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी, १२ महिने, ९,५०० रुपये. पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा नाही, कापणं काही नाही. हातात ९,५००.

दुसरं पत्र: ‘ट्रेनी ऑपरेटर’, ११ महिने, १४,००० रुपये ‘स्टायपेंड’. पत्रात पीएफचा उल्लेख नाही.

दुसरं पत्र साडेचार हजारांनी भारी दिसतं. पण ते १९६१ च्या कायद्याखालचं नाही. म्हणजे १४,००० हे खरं तर वेतन आहे आणि पुरेशी माणसं असलेल्या कारखान्यात त्यावर पीएफ आणि ईएसआय लागायला हवं. सगळी रक्कम पीएफसाठी धरली, तर १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये कापून हातात १२,२१५ येतील. कंपनीही तिच्या बाजूने पीएफचे १,६८० आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के, ४५५ रुपये भरेल. आजारपणात ईएसआयचं कार्ड उपयोगी पडेल. कंपनी पूर्ण १४,००० हातात देऊन पीएफ-ईएसआय टाळत असेल, तर ती तुमचे महिन्याचे २,१३५ रुपये आणि दवाखान्याचं संरक्षण वाचवते आहे. त्याला मेहेरबानी समजू नका.

यातून एक सोपी खूण मिळते. पे स्लिपवर पीएफ कापलेला दिसला आणि पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक मिळाला, की कंपनी तुम्हाला कर्मचारी मानते, पत्रात ‘ट्रेनी’ लिहिलेलं असलं तरी. ती पे स्लिप जपा. ‘हा आमचा शिकाऊ होता’ असं कंपनी पुढे म्हणाली, तर उत्तर त्या कागदात असेल.

## टप्पा ३: कालावधी कुठून कुठपर्यंत, आणि वाढवायचा अधिकार कोणाला

शिकाऊ उमेदवारीची मुदत ट्रेडनुसार ठरते आणि करारात सुरुवातीची व शेवटची तारीख दोन्ही असतात. आयटीआय करून आलेल्या फिटरला ती साधारण एक वर्षाची असते, पदवीधर आणि पदविकाधारकांच्या योजनेतही बहुधा एक वर्षाची. आयटीआय न करता थेट आलेल्यांना जास्त काळ लागतो, कारण मूलभूत प्रशिक्षणही त्यातच धरलेलं असतं.

मुदत संपली की करार आपोआप संपतो. त्यासाठी नोटीस लागत नाही, कारण द्यावं लागत नाही आणि भरपाई मिळत नाही. ‘मी २४० दिवस भरले’ हा मुद्दा इथे चालत नाही. तो हिशेब कामगारासाठी आहे आणि नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार कामगार नाही. कंपनीच्या ट्रेनीची स्थिती वेगळी. प्रत्यक्षात तो कामगाराचंच काम करत होता हे दाखवता आलं, तर हजेरीचा प्रत्येक दिवस मोलाचा ठरतो. म्हणून ट्रेनीने हजेरीचा पुरावा ठेवावा: गेट पास, पंचिंगचा मासिक उतारा, शिफ्टचा तक्ता.

करार मध्येच मोडला तर काय, हेही आधी वाचा. शिकाऊ उमेदवाराचा करार मुदतीआधी संपवायचा असेल, तर दोघांपैकी कोणालाही सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो. कंपनीनं अटी पाळल्या नाहीत म्हणून करार मोडला, तर तिला शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई द्यावी लागते. उमेदवाराच्या चुकीने मोडला, तर तेवढीच रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. आपल्या उदाहरणातल्या फिटरला ९,५०० च्या हिशेबाने ती २८,५०० रुपये पडेल. दिवाळीला गावी जाऊन परत न फिरणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं. सोडायचंच असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोर्टलवर करार रीतसर बंद झाल्याचं पाहा. अर्धवट उघडा राहिलेला करार पुढची शिकाऊ उमेदवारी अडवतो.

ट्रेनीच्या पत्रात दोन वाक्यं शोधा. पहिलं, ‘आवश्यक वाटल्यास प्रशिक्षण काळ वाढवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील.’ किती वेळा, किती महिने, याची मर्यादा नसेल तर ती लिहून मागा. दुसरं, बाँडचं. ‘दोन वर्षांआधी सोडल्यास अमुक लाख भरावे लागतील’ असं लिहिलेलं असतं. बाँड सरसकट बेकायदा असतो हा समज चुकीचा आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेचा दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. रक्कम वाजवी आहे का आणि कंपनीनं प्रशिक्षणावर किंवा भरतीवर खरंच खर्च केला का, हे पाहिलं जातं. मूळ शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं मात्र कधीही जमा करू नका. साक्षांकित प्रत द्या, मूळ फक्त दाखवा.

> तपासा: ट्रेनीचं पत्र ११ महिन्यांचं, मग आठ दिवसांची सुट्टी, मग पुन्हा ११ महिन्यांचं, आणि दरवेळी नाव वेगळ्या ठेकेदाराचं? मग प्रशिक्षण कुठलं? प्रत्येक पत्राची प्रत तारखेसह वेगळी ठेवा.

क्रमातली आणखी एक चूक इथेच होते. पदवी किंवा पदविका झाल्यावर मुलं आधी खासगी ट्रेनी म्हणून वर्षभर जातात आणि नंतर सार्वजनिक उपक्रमातल्या शिकाऊ उमेदवारीला अर्ज करतात. तिथल्या बहुतेक जाहिरातींत एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेला आणि आधी शिकाऊ उमेदवारी केलेला उमेदवार अपात्र असतो, उत्तीर्ण होऊन किती वर्षं झाली यालाही मर्यादा असते. शिकाऊ उमेदवारी करायची असेल तर ती आधी, खासगी ट्रेनीपण नंतर.

## टप्पा ४: नोकरीच्या आश्वासनाचं वाक्य शब्दशः वाचा

इथे घाई करू नका. सगळा लेख याच टप्प्यासाठी आहे.

१९६१ च्या कायद्याचं कलम २२ दोन गोष्टी सांगतं. प्रत्येक मालकानं आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. २०१४ च्या दुरुस्तीनं हे आलं. धोरण असणं सक्तीचं, नोकरी देणं सक्तीचं नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावर उमेदवार त्याच मालकाकडे नोकरी करेल अशी अट करारातच असेल, तर मालकाला योग्य नोकरी द्यावीच लागते आणि उमेदवारालाही करारात लिहिलेल्या काळासाठी व पगारावर ती करावीच लागते. तो काळ किंवा पगार अवाजवी वाटला तर सल्लागार त्यात बदल करू शकतो. म्हणजे बंधन दोन्ही बाजूंना आहे आणि ते करारातल्या वाक्यातून येतं. साहेबांनी शॉपवर दिलेल्या शब्दातून येत नाही.

आता वाक्यं पाहा.

‘समाधानकारक कामगिरी असल्यास कायम नेमणुकीसाठी विचार केला जाईल.’ यात बंधन नाही. विचार करून ‘नाही’ म्हटलं तरी वाक्य पाळलं जातं.

‘जागा उपलब्ध असल्यास प्राधान्य दिलं जाईल.’ थोडं वजन आहे, पण जागा निघाली तरच.

‘प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्यावर उमेदवारास अमुक पदावर, दरमहा अमुक वेतनावर, किमान दोन वर्षांसाठी नेमणूक दिली जाईल आणि उमेदवार ती स्वीकारेल.’ हे आश्वासन आहे. पद, वेतन, काळ आणि दोघांची बांधिलकी, चारही गोष्टी त्यात आहेत. यातलं काही कमी असेल तर विचारा. विचारण्यात काही चुकीचं नाही, पालकांनीही विचारावं.

‘ही शिकाऊ उमेदवारी आहे, यातून नोकरीचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही.’ हे वाक्य बहुतेक करारांत सापडतं. ते असेल तर दुसऱ्या कोणी तोंडी काहीही सांगितलं तरी गृहीत हेच धरा आणि वर्षभर बाहेरच्या भरत्यांचीही तयारी चालू ठेवा.

सरकारी उपक्रमांत लोक १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेतात. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं, आणि वयाच्या अटीतही नियमांप्रमाणे सवलतीचा विचार व्हावा. ‘बाकी सगळं समान असेल तर’ हे शब्द विसरून अनेकांनी त्याचा अर्थ थेट नेमणूक असा लावला आहे. परीक्षा, गुणवत्ता यादी, आरक्षण या सगळ्यांतून जावंच लागतं. रेल्वेत हे प्राधान्य आकड्यात बांधलेलं आहे. रेल्वेच्याच आस्थापनात शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. तिथेही अर्ज आणि परीक्षा आहेच.

फरक डोळ्यांत भरावा म्हणून महावितरणचं उदाहरण घ्या. तिथे वीजतंत्री शिकाऊ उमेदवार घेतले जातात आणि वेगळ्या जाहिरातीतून विद्युत सहायकही घेतले जातात. दोघंही खांबावर, उपकेंद्रात दिसतात. शिकाऊ उमेदवाराचा करार १९६१ च्या कायद्याखाली, मुदत संपली की संपला. विद्युत सहायकाची भरती मात्र नोकरीचीच असते. पाच हजारांहून जास्त जागांच्या अलीकडच्या जाहिरातीत तीन वर्षं कंत्राटी, मानधन पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये आणि ही तीन वर्षं समाधानकारक पूर्ण केल्यावर तंत्रज्ञ म्हणून नियमित पदावर नेमणूक, असं लिहिलेलं होतं. शिक्षणसेवकाची रचनाही याच जातीची: तीन वर्षं मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. सुरुवातीची रक्कम तुटपुंजी असूनही इथे पुढची पायरी कागदावर आहे. शिकाऊ उमेदवारीत ती बहुधा नसते. पहिल्या महिन्याच्या आकड्याची तुलना करणाऱ्याला हा भेद दिसतच नाही.

> सावध: ‘नोकरी पक्की आहे, आधी अनामत भरा’ असं सांगणाऱ्या मधल्या माणसाला पैसे देऊ नका. शिकाऊ उमेदवारीची नोंदणी उमेदवार स्वतः पोर्टलवर करतो.

## टप्पा ५: सही झाल्यावर पहिले दोन महिने

सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत घ्या. पोर्टलवर करार दिसतो का, हे दुसऱ्या आठवड्यात पाहा. तारीख, ट्रेड आणि रक्कम या तीन गोष्टी कागदाशी जुळवा. ट्रेड चुकीचा पडला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. फिटरला ‘असेंब्ली ऑपरेटर’ म्हणून नोंदवलं गेलं, तर वर्षअखेरीचं प्रमाणपत्रही त्याच नावाचं येईल आणि फिटरच्या भरतीत ते चालणार नाही.

रोज काय शिकलात याची नोंदवही ठेवा: तारीख, मशीन, कोणी शिकवलं. दोन महिन्यांनी वही चाळली की चित्र स्पष्ट होतं. सगळ्या नोंदी ‘पॅकिंग’ आणि ‘लोडिंग’च्या असतील तर प्रशिक्षण होत नाही. तेव्हा आधी कंपनीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला लेखी द्या. उपयोग झाला नाही तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारी कक्षात, ज्याला बोलीभाषेत ‘बीटीआरआय’ म्हणतात, तिथे वही घेऊन जा. पदविका आणि पदवीधरांसाठी मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ आहे. करारातून निघालेला वाद ठरवण्याचा अधिकार कलम २० नुसार सल्लागाराला आहे आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपील करता येतं. शिकाऊ उमेदवारानं कामगार न्यायालयात धाव घेतली तर तिथे पहिलाच प्रश्न ‘तू कामगार आहेस का?’ असा येतो आणि महिने वाया जातात. कंपनीच्या ट्रेनीचा रस्ता उलटा आहे. पीएफसाठी पीएफ कार्यालय, वेतनासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय.

## टप्पा ६: शेवटचे दोन महिने

शिकाऊ उमेदवारी पूर्ण होणं आणि प्रमाणपत्र मिळणं यात परीक्षा असते. नियुक्त ट्रेडसाठी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि मग राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. पदविका-पदवीच्या योजनेत मंडळाचं प्रावीण्य प्रमाणपत्र. रेल्वेची राखीव जागा असो की एखाद्या उपक्रमाचं प्राधान्य, ‘पूर्ण केली’ याचा अर्थ तिथे हे प्रमाणपत्र. कंपनीच्या लेटरहेडवरचा अनुभवाचा दाखला त्याची जागा घेत नाही. परीक्षेचा अर्ज कंपनी भरते असं समजून गप्प बसू नका, हॉल तिकीट स्वतः पोर्टलवर पाहा.

संपण्याच्या महिनाभर आधी एचआरला दोन ओळींचा मेल लिहा: माझा करार अमुक तारखेला संपतो, कलम २२ प्रमाणे आपलं भरतीचं धोरण काय आहे, कृपया कळवावं. उत्तर आलं तर मार्ग कळतो. नाही आलं तरी तुम्ही वेळेवर विचारल्याची नोंद राहते.

आणि शेवटची तारीख गेल्यावर नव्या पत्राशिवाय कामावर जाऊ नका. ‘ये रोज, पत्र येईल’ असं सुपरवायझर म्हणतो, मुलगा जातो आणि तीन आठवड्यांनी त्याला जुन्या विद्यावेतनाच्या दराने पैसे दिले जातात. करार संपल्यानंतर तो शिकाऊ उमेदवार राहिलेला नसतो. त्या दिवसांचं काम हे कर्मचाऱ्याचं काम आहे आणि त्याचा मोबदला किमान वेतनाखाली असता कामा नये. असे दिवस भरले गेलेच असतील, तर गेट पासच्या नोंदी आणि त्या दिवसांचे मेसेज जपून ठेवा, रक्कम लेखी मागा. नवं पत्र आलं की पुन्हा टप्पा १ पासून वाचा. त्यात ‘परिवीक्षाधीन’ लिहिलं आहे, ‘मुदतीची नेमणूक’ लिहिलं आहे, की नव्या नावाने पुन्हा ‘ट्रेनी’, यावर पुढचं सगळं ठरतं.